घाटवाटा: बाजू सारख्या केल्या की खेळ बेचव, वेगळ्या ठेवल्या की फौजच जिंकते

घाटवळण · रविवार, रात्री ११:१०

मंडळी, जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

दीडेक वर्ष आम्ही काही मित्र मिळून एक बोर्डगेम करतोय. नाव सध्या 'घाटवाटा'. दोघांचा खेळ. नकाशावर ५ किल्ले, ६ गावं, ३ घाट. एका बाजूला फौज: १४ प्यादे, २ तोफा, सगळं उघड्यावर. तळापासून लांब असलेल्या प्रत्येक सोंगटीमागे दर फेरीला एक दाणागोटा मोजावा लागतो. पाचपैकी ४ किल्ले घेतले की फौज जिंकली. दुसऱ्या बाजूला टोळी: ६ सोंगट्या, पालथ्या ठेवलेल्या, त्यात २ नुसती हूल. टोळी एका फेरीत दोन घरं चालते, गावं लुटते, १५ लूट झाली की जिंकते. १२ फेऱ्या संपेपर्यंत टोळीची लूट पुरी झाली नाही तर फौज जिंकली असं धरतो.

कर्वेनगरला माझ्याकडे दर रविवारी डाव होतात. वहीत ४८ डावांची नोंद आहे. फौज ३१, टोळी १७.

मग मी हात घातला. टोळीला एक हलकी तोफ दिली. फौजेला दोन घोडेस्वार दिले, तेही दोन घरं चालणारे. दाणागोटा अर्धा केला. १६ डाव झाले, बरोबर ८-८. मी खूश. तेवढ्यात आमच्यातली एक मैत्रीण सोंगट्या डब्यात भरताना म्हणाली, "आता कुठलीही बाजू दे, मला फरक पडत नाही." ते शब्द डोक्यातून जात नाहीयेत. सोंगट्यांसाठी तुळशीबागेतून दोन रंगांची बटणं आणली होती. आता उरलाय तो फक्त रंगांचा फरक.

प्रश्न दोन. बाजू वेगळ्या राहून निकाल निम्मा-निम्मा कसा आणायचा? आणि किती डाव झाले की आकड्यावर विश्वास ठेवायचा?

इतिहासप्रेमी · रविवार, रात्री ११:५२

तुमच्या खेळात फौज जिंकतेच कशी, हाच माझा प्रश्न. १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाची एवढी मोठी फौज अडकली, पुढे जाता येईना की मागे. शेवटी खंडणी देऊन सुटका करून घ्यावी लागली. घाटात तोफा चढवणं म्हणजे काय गंमत आहे का? टोळीच जिंकायला हवी.

घाटवळण · सोमवार, सकाळी ८:०५

@इतिहासप्रेमी, खेळात कोण जिंकायला हवं याचा निवाडा इतिहासावर सोडला तर दुसऱ्या बाजूनं खेळायला कुणी बसणारच नाही हो. पण तोफ घाटातून नेताना एक फेरी जादा लागावी, ही गोष्ट तुमच्यामुळे वहीत लिहून ठेवली.

गणितगोम · सोमवार, सकाळी १०:३०

एवढं अवघड काय आहे? प्रत्येक सोंगटीला किंमत लावा. प्यादा १, तोफ ३, घोडेस्वार २, टोळीची लपलेली सोंगटी समजा अडीच. दोन्हीकडची बेरीज सारखी आली की झाला बॅलन्स. मी एका मोबाइल गेमसाठी याची एक्सेल शीट केली होती, मस्त चालली. तुमच्या मूळ रचनेत फौज १४ + ६ = २०, टोळी ४ × २.५ = १०. फौज जिंकणारच की!

सारीपाट · सोमवार, दुपारी १:१५

@गणितगोम, अर्धं बरोबर आहे. एकाच बाजूच्या सोंगट्या एकमेकींशी तोलायला ही किंमत कामाला येते. तोफेची किंमत ३ प्याद्यांच्या वर गेली की फौजवाला तोफ घेईनासा होतो, हे शीटमध्ये दिसतं. पण दोन बाजूंची कामंच वेगळी असतात तेव्हा ही बेरीज फसते. किल्ल्यासमोरच्या तोफेचे ३ द्या, ५ द्या. गावाच्या वेशीवर उभ्या तोफेची किंमत टोळीच्या लेखी शून्य, कारण टोळीला तिच्याशी लढायचंच नसतं, तिला वळसा घालून जायचं असतं. आणि हूल असलेल्या पालथ्या बटणाचं काय? ते कुणाला मारत नाही, पण फौजेची ३ प्यादी नको तिथे बसवून ठेवतं.

शिवाय तुमच्याच बेरजेनं २० विरुद्ध १० आहे, तरी टोळीनं ४८ पैकी १७ डाव मारलेत. म्हणजे बेरजेबाहेर काहीतरी घडतंय, आणि खेळाची मजा नेमकी तिथेच आहे.

@घाटवळण, आधी दुसऱ्या प्रश्नाचं. नाणं ४८ वेळा उडवलं तर ३१-१७ किंवा त्याहून वाकडा निकाल नुसत्या नशिबानं शंभरात सहाएक वेळा येतो. म्हणजे फौज जड आहे हा संशय रास्त आहे, खात्री नाही. आणि ज्या ८-८ वर तुम्ही खूश झालात तो आकडा त्याहून कच्चा. खरोखर ६५ टक्के जिंकणारी बाजूसुद्धा १६ डावांत ८ किंवा त्याहून कमी जिंकते, असं सहातून एकदा होतं. तेव्हा त्या दुरुस्तीनं बॅलन्स साधला असंही म्हणता येत नाही. बाजूंचा वेगळेपणा मात्र नक्की गेला.

५५ टक्के आणि ५० टक्के यांतला फरक नुसत्या हार-जीत मोजून ओळखायचा तर निदान चारशे डाव लागतात. तेवढे रविवार तुमच्याकडे नाहीत. म्हणून प्रत्येक डावातून हार-जितीपेक्षा जास्त काहीतरी काढावं लागतं. वहीत आणखी काय काय लिहिलंय?

रात्रपाळी · सोमवार, रात्री २:४०

हिंजवडीतून शिफ्ट संपवून लिहितोय, चुकभूल द्यावी घ्यावी.

स्टारक्राफ्टचं उदाहरण देतो. १९९८ चा गेम, तीन वंश, एकमेकांशी काही म्हणता काही साम्य नाही. २००१ च्या १.०८ पॅचनंतर युनिट्सच्या आकड्यांना पुढे कित्येक वर्षं हात लागला नाही. तरी कोरियात स्पर्धा चालूच राहिल्या, कारण बॅलन्स नकाशांतून साधला जायचा. एखादा वंश डोईजड वाटला की पुढच्या हंगामाच्या नकाशात तळांमधलं अंतर वाढव, चढण अरुंद कर, खनिजं जरा आडबाजूला ठेव. झर्ग झर्गच राहिला, त्याच्या पायाखालची जमीन बदलली.

तुम्ही टोळीला तोफ दिलीत ते चुकलं. एखादा घाट अरुंद करायचा होता.

सदाशिव_पेठी · मंगळवार, सकाळी ७:२०

आमच्या लहानपणी देवळाच्या ओवरीत फरशीवर खडूनं पट आखून वाघ-बकरी खेळायचो. वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ. वाघ उडी मारून बकरी खातो, बकऱ्या मिळून वाघाला कोंडतात. आता हे सारखं आहे का? अजिबात नाही. पण भांडण कधी झालं नाही. कारण नियमच असा होता की एक डाव तू वाघ, पुढचा डाव मी वाघ. ज्यानं वाघ होऊन जास्त बकऱ्या मारल्या तो जिंकला. तुम्ही हल्लीची मुलं टक्केवारी काढत बसता. बाजू बदलून दोन डाव खेळा की राव!

सारीपाट · मंगळवार, दुपारी १२:५०

काका, तुम्ही चिडून लिहिलंत, पण या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचा आहे.

वाघ-बकरीची भावंडं सगळीकडे आहेत. नेपाळात बाघचाल, २५ बिंदूंचा पट, ४ वाघ, २० बकऱ्या, ५ बकऱ्या मारल्या की वाघ जिंकला. तमिळनाडूत आडू पुली आट्टम, ३ वाघ, १५ बकऱ्या, पटाचा आकारच वेगळा. बाघचाल तर संगणकावर सोडवून झालाय: दोघांनी बिनचूक खेळलं तर बरोबरी. या सगळ्यांत एक गोष्ट बघा. कुठेच कुणी बकरीला दात दिले नाहीत. बकऱ्या किती, पट केवढा, किती मारल्या की संपलं, एवढंच जागोजागी वेगळं. घाटवळणांनी टोळीला तोफ दिली तेव्हा बकरीला दात दिले.

आणि बाजू बदलून दोन डाव, हे माझ्या मते आकडे गोळा करायलाही लागतं. तेच दोघे दोन्ही बाजूंनी खेळले आणि दोन्ही डाव एकानंच जिंकले, तर तो खेळाडू भारी एवढंच कळलं. दोन्ही डाव फौजेनं जिंकले, तर ते बाजूबद्दल बोलतंय. तुमच्या ४८ डावांत कोण कुणाशी खेळलं, आणि टोळी घेणाऱ्याचा त्या बाजूनं कितवा डाव होता, हे लिहिलंय का?

घाटवळण · मंगळवार, रात्री १०:३०

आहे! नावं आहेत, तारखा आहेत, शेवटच्या पटाचा फोटोही आहे. आज बसून मोजलं, बायकोनं दोनदा जेवायला हाक मारली.

टोळीवाल्याचा पहिला ते तिसरा डाव असे २८ डाव. त्यात फौज २२, टोळी ६.
टोळीवाल्याचा चौथा किंवा पुढचा असे २० डाव. त्यात फौज ९, टोळी ११.

म्हणजे फौज जड नाहीच? टोळी शिकायला अवघड आहे? मग तर मी मूळ रचनेला काही करायलाच नको, लोक शिकतील हळूहळू.

चहाटळ · मंगळवार, रात्री ११:०२

त्या २८ मधली एक मी. डब्यात बटणं भरणारीही मीच. :)

"लोक शिकतील" वगैरे ठीक आहे, पण मी पहिले तीन डाव टोळी घेऊन हरले आणि तिसऱ्यानंतर फौजच मागून घ्यायला लागले. शिकायला थांबतंय कोण? आणि त्या ११ जिंकलेल्या डावांतले 'आमचा दादा' चे किती ते पण सांग की. तो कवड्या घेऊन बसला तरी जिंकतो.

घाटवळण · मंगळवार, रात्री ११:४०

...मोजलं. २० पैकी १२ डावांत टोळी दादाकडे होती, त्यात तो ९ जिंकला. उरलेल्या ८ डावांत टोळी फक्त २ वेळा जिंकली. म्हणजे मघाचं माझं वाक्य मागे.

सारीपाट · बुधवार, दुपारी १:३०

@चहाटळ, तुझे आभार मानायला हवेत, हे दोन प्रतिसाद वाचून आमच्या कामातली जुनी जखम आठवली. गेम टेस्टिंगमध्ये हे वारंवार होतं. एक तरबेज माणूस एका बाजूच्या प्रेमात पडतो आणि त्या बाजूची टक्केवारी एकटा उचलून धरतो. बाहेरून सगळं समतोल दिसतं.

आता फोटोंकडे जाऊ. फौजेचे ३१ विजय. त्यातले किती ४ किल्ले घेऊन आणि किती १२ फेऱ्या संपल्यामुळे? संपल्यामुळे असतील तर शेवटी टोळीची लूट किती होती? फक्त एवढंच काढा.

घाटवळण · बुधवार, रात्री ९:५५

किल्ले घेऊन १२. त्या डावांत टोळीची लूट ११ च्या वर कधीच नव्हती.
फेऱ्या संपून १९. त्यातल्या ११ डावांत टोळी १२ किंवा जास्त लुटीवर होती. १३ किंवा जास्त असे ८. बरोबर १४ वर अडकलेले ५.

१४ वर अडकलेल्या ५ पैकी ४ डाव नवख्या टोळीवाल्यांचे आहेत.

सारीपाट · गुरुवार, सकाळी ११:४०

आता खरी माहिती हाती आली. हार-जीत फक्त हो-नाही सांगते. किती थोडक्यात हरले, हे प्रत्येक डावातून मिळतं आणि त्याला चारशे डाव लागत नाहीत.

कागदावर करून बघा. लुटीचं लक्ष्य १५ ऐवजी १४ केलं असतं तर हे ५ डाव उलटले असते. फौज ३१ ची २६, म्हणजे ४८ पैकी ५४ टक्के. १३ केलं तर ८ उलटतात, फौज २३, म्हणजे ४८ टक्के. एका खुणेचा फरक आणि निकाल एवढा हलतो. एकाही सोंगटीला हात नाही, तोफ नाही, घोडेस्वार नाही.

नवखे आणि सरावलेले वेगळे बघा. १४ वर नवख्यांमध्ये फौज २२ ची १८, म्हणजे २८ पैकी ६४ टक्के. सरावलेल्यांत ९ ची ८. म्हणजे हा बदल नवख्यांनाच जास्त हात देतो. १३ वर गेलात तर सरावलेल्यांत टोळी किती जड होते ते आधी फोटोंत बघा, मगच जा.

या हिशेबाला एक मोठं 'पण' आहे. लक्ष्य १४ आहे हे माहीत असतं तर फौजवालाही वेगळा खेळला असता. गावांवर आधी पहारा बसवला असता. तेव्हा हा हिशेब कुठली कळ फिरवावी ते दाखवतो, किती फिरवावी ते पुन्हा खेळूनच कळतं.

खेळात असे दोन-तीन स्क्रू सापडतात जे कुठल्याच बाजूच्या ओळखीत येत नाहीत: लक्ष्य किती, फेऱ्या किती, सुरुवातीला कोण कुठे. आधी ते फिरवायचे. पालथ्या सोंगट्या, दोन घरांची चाल, दाणागोटा हे शेवटपर्यंत शाबूत ठेवायचे. माझं मत विचाराल तर ते आधीपेक्षा तिखट करायचे. तुम्ही दाणागोटा अर्धा केलात ना, तो पुन्हा पूर्ण करा.

रात्रपाळी · गुरुवार, रात्री १:१५

सहमत, पण नवखे टोळी घेऊन हरतात *का*, हे कुणी विचारलंच नाही. @चहाटळ, पहिल्या तीन फेऱ्यांत तू काय करायचीस?

चहाटळ · शुक्रवार, सकाळी ९:२०

लपायचे. :) सहा बटणं, समोर चौदा प्यादे आणि तोफा. भीती वाटते ना. तीन-चार फेऱ्या जंगलात बसून फौज पांगायची वाट बघायची. तोवर तिचे प्यादे दोन गावांत येऊन बसलेले असायचे आणि मग लुटायला काही उरायचं नाही. दादाचं बघितलं तर तो दुसऱ्या फेरीलाच एक गाव मारून घाटात पसार होतो.

रात्रपाळी · शुक्रवार, दुपारी ४:०५

मग हाच इलाज आहे, आणि लक्ष्य बदलायचीही गरज नाही. मांडणीतच दादाच्या पहिल्या दोन फेऱ्या खेळून द्या. डाव सुरू होताना एक गाव आधीच लुटलेलं, टोळीच्या खात्यावर २ लूट, दोन सोंगट्या घाटात. सरावलेला माणूस तसंही तिथेच पोचणार होता, त्याला विशेष फायदा नाही. नवख्याला जंगलात बसायची सोयच राहत नाही. शिवाय पट बघूनच कळतं की या बाजूनं काय करायचंय.

गणितगोम · शुक्रवार, संध्याकाळी ६:३०

म्हणजे टोळीला फुकट २ लूट. हे लक्ष्य १३ करण्यासारखंच झालं की. सारीपाट यांनीच १३ वर सावध राहायला सांगितलंय.

सारीपाट · शनिवार, सकाळी १०:१०

@गणितगोम, शंका रास्त आहे, आणि 'सारखंच' हा शब्द जवळपास खरा आहे. फरक एवढाच की इथे एक गाव रिकामंही झालंय. पुन्हा लुटायला ५ च उरली, आणि दोन सोंगट्या कुठे आहेत ते फौजेला ठाऊक आहे. नवख्याला या दोन्हीचा तोटा कमी वाटतो, सरावलेल्याला जास्त. म्हणून रात्रपाळी म्हणतात ते मला पटतं. पण निव्वळ तर्कानं हा वाद मिटणार नाही. एका वेळी एकच बदल करा. लक्ष्य १५ च ठेवा, फक्त मांडणी बदला.

सोबत एक करा. डाव सुरू व्हायच्या आधी दोघांनाही चिठ्ठीवर एक आकडा लिहायला सांगा: टोळी घ्यायची तर आणखी किती लूट आगाऊ हवी? ज्याचा आकडा कमी तो टोळी घेतो, तेवढी लूट आगाऊ घेऊन. ट्वायलाइट स्ट्रगल हा शीतयुद्धावरचा बोर्डगेम खेळणारे वर्षानुवर्षं असंच करतात. त्यात सोव्हिएत बाजू जड समजली जाते, म्हणून अमेरिकेला आगाऊ प्रभाव देऊन बोली लागते. तुमच्यासाठी फायदा असा की प्रत्येक डावातून दोन आकडे मिळतात आणि लोकांना बाजू किती जड *वाटते* ते कळतं. वाटणं आणि असणं वेगळं, पण टेबलावरून उठून जाणारा माणूस वाटण्यावरूनच उठतो.

शेवटी दोघांना वेगवेगळं विचारा: या डावात तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली? दोघांचं उत्तर एकच आलं तर बाजू एक झाल्या असं समजा. टक्केवारी कितीही सुंदर असो.

घाटवळण · रविवार, रात्री ११:३० (तीन आठवड्यांनंतर)

मधले तीनही रविवार पाऊस, त्यामुळे गर्दी बरी जमली. दाणागोटा पूर्ण, टोळीची तोफ गेली, घोडेस्वार गेले. लक्ष्य १५, रात्रपाळीची मांडणी. २० डाव.

नवख्या टोळीवाल्यांचे १४ डाव: फौज ८, टोळी ६. सरावलेल्यांचे ६: ३-३. (दादाला फक्त दोनदाच टोळी दिली.) सारीपाट ताई, १४ डाव म्हणजे काहीच नाही हे मला आता पाठ झालंय. पण पहिल्या तीन फेऱ्या जंगलात बसून राहिलेला एकही माणूस दिसला नाही, हे मात्र डोळ्यांनी पाहिलं.

चिठ्ठ्या: नवख्यांनी पहिल्या रविवारी ३, ४ असे आकडे लिहिले. तिसऱ्या रविवारी तेच लोक १ किंवा २ लिहीत होते. सरावलेले ० किंवा १. दादानं उणे १ लिहिलं, त्याला काय म्हणावं.

भीतीचा प्रश्न मस्त आहे. फौजवाले: "दाणागोटा संपेल", "हे बटण हूल निघेल". टोळीवाले: "घाट बंद होईल". जुन्या ८-८ वाल्या रचनेबद्दल विचारलं तर दोन्हीकडून एकच उत्तर: "तोफ".

इतिहासप्रेमी · सोमवार, सकाळी ८:४५

घाट बंद होईल ही टोळीला भीती? उलट झालं. उंबरखिंडीत घाट टोळीनं बंद केला होता.

चहाटळ · सोमवार, सकाळी ९:००

इतिहासप्रेमींचा मुद्दा मात्र बरोबर आहे. :)

गणितगोम · सोमवार, दुपारी १२:१०

तिसऱ्या बाजूचं काय झालं? मागे सौदागर येणार म्हणून सांगत होतास. तिघांसाठी माझी शीट लागेलच. रूट या बोर्डगेममध्ये तर प्रत्येक बाजूला ताकदीचा आकडा छापलाय: मांजरी १०, पक्षी ७, भटक्या ५, जंगलची आघाडी ३. चौघांत बेरीज किमान २१ हवी. म्हणजे माझीच पद्धत!

सारीपाट · सोमवार, दुपारी २:३०

तो आकडा ताकदीचा नाही. ती बाजू पटावर किती पसरते, इतरांच्या वाटेत किती येते, त्याचा तो अंदाज आहे. बेरीज फार कमी झाली तर पटावर कुणी कुणाला आडवंच येत नाही, म्हणून किमान मर्यादा. आघाडीचा आकडा ३ आहे म्हणून ती दुबळी, असं म्हणणाऱ्यांना तिनं पुष्कळ वेळा हरवलंय.

तिघांचा खेळ मात्र वेगळंच प्रकरण आहे. दोघांत जड बाजू टक्केवारीत दिसते. तिघांत जड बाजू पुढे गेली की उरलेले दोघे मिळून तिला खाली ओढतात, आणि निकाल आपोआप तिसऱ्या-तिसऱ्या हिश्श्यांनी येतो. आकडा चांगला, पण एका बाजूच्या नशिबी कायम मार खाणं आणि दुसरीच्या नशिबी गुपचूप जिंकणं. सौदागराला तिथे नेमकं कसं मोजायचं याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडेही नाही. मी प्रत्येक फेरीत कुणी कुणावर हल्ला केला तेवढं लिहून ठेवते, त्यावरून थोडंफार दिसतं.

रात्रपाळी · सोमवार, रात्री १:५०

दोघे मिळून ओढतात तर ओढू द्या की. तोही खेळाचाच भाग. मला त्यात काही वावगं दिसत नाही.

सारीपाट · मंगळवार, सकाळी १०:२०

ओढणारे दोघे सरावलेले असतील तर. नवख्या टेबलावर कोण पुढे आहे हेच कुणाला कळत नाही आणि सौदागर निवांत जिंकतो. पुन्हा तोच २८ आणि २० चा प्रश्न.

घाटवळण · मंगळवार, रात्री ९:४०

सौदागर दिवाळीनंतर. या रविवारी चार वाजता, तेच दोघे बाजू बदलून असे सहा डाव लावायचे आहेत. @सदाशिव_पेठी काका, तुम्ही आलात तर आनंद होईल, तुमचाच नियम आहे.

सदाशिव_पेठी · बुधवार, सकाळी ६:५५

चार वाजता नको, साडेचारला येतो. आणि मी वाघ घेणार. तुमच्यात वाघ कोण, फौज की टोळी?

चहाटळ · बुधवार, सकाळी ९:१५

त्यावर आमच्याकडे तीन आठवडे भांडण चालू आहे काका, तुम्ही आल्यावर ठरवा.